सेव्हच्या भावाचा मागोवा: २०१३ ते २०२४

एखादा गोलरक्षक सामन्यात किती सेव्ह करेल यावर भाव लावायचा, तर आधी तो किती तयारीचा आहे ते पाहावं, असं कुणालाही वाटेल. मागच्या दहा-बारा वर्षांचे सामने मात्र वेगळंच सांगतात. आकडा ठरतो तो समोरून किती फटके येतात आणि कसे येतात यावर.

नोव्हेंबर २०१३ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर न्यूकॅसलच्या टिम क्रुलने १४ सेव्ह केले. डिसेंबर २०१७ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडच्या डेव्हिड डे हेयाने तेवढेच केले. दोघांची वाहवा झाली, पण दोन्ही सामन्यांतलं साम्य फारसं कुणी बोललं नाही. दोन्ही पाहुणे संघ लवकर पुढे गेले होते. न्यूकॅसलचा गोल १३ व्या मिनिटाला झाला, तर युनायटेडचे दोन गोल ११ मिनिटांतच झाले. पुढे गेलेला संघ मागे सरतो, पिछाडीवरचा संघ मिळेल तिथून मारत सुटतो आणि गोलरक्षकाचं काम वाढतं. त्या दिवशी आर्सेनलचे १५ फटके लक्ष्यावर होते. एक आत गेला, १४ अडले.

त्याच २०१७-१८ च्या हंगामात बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’वर एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, दिसू लागले. पुढे मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सट्ट्यावरच्या केंद्रीय बंदीचा कायदा रद्द केला आणि तिथे खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवरचे बाजार फोफावले. (महाराष्ट्रात हा सट्टा बेकायदाच आहे; इथे प्रश्न फक्त गणिताचा.) एक्सजी हाताशी आल्यावर सोपी वाट दिसली: संघाविरुद्धचा एक्सजी जास्त, तर सेव्ह जास्त. ही वाट फसवी आहे.

समजा, दोन संघांविरुद्धचा अपेक्षित गोलांचा आकडा सारखाच, १.५ आहे. पहिला संघ स्वतःच्या पेटीसमोर गर्दी करून बचाव करतो. त्याच्यावर १५ फटके येतात, बरेचसे लांबून, आणि ५ लक्ष्यावर असतात. दुसऱ्याची बचावफळी पार पुढे उभी असते. त्याच्यावर फटके आठच येतात, पण गोलरक्षकाला एकटं गाठून. त्यांतले सरासरी ३.३ लक्ष्यावर. लक्ष्यावरच्या फटक्यांतून गोल वजा केले की पहिल्या गोलरक्षकाचे ३.५ सेव्ह उरतात, दुसऱ्याचे १.८. पॉयसाँ वाटपाने चार किंवा अधिक सेव्हची शक्यता पहिल्यासाठी सुमारे ४६ टक्के निघते, म्हणजे रास्त भाव २.१६. दुसऱ्यासाठी ती जेमतेम ११ टक्के, म्हणजे भाव नऊच्या वर. एक्सजी एकच, पण सेव्हचा बाजार सर्वस्वी वेगळा. एक्सजी गोल किती होतील ते सांगतो. सेव्ह बहुतेक कमकुवत फटक्यांतून येतात.

ही वजाबाकीही काटेकोर नसते. गोलरेषेवर शेवटच्या बचावपटूने अडवलेला फटका लक्ष्यावरचा धरतात, पण त्याचा सेव्ह गोलरक्षकाच्या खात्यात जात नाही. त्यामुळे खरी सरासरी ३.५ पेक्षा किंचित कमीच असते.

दुसरी फसगत टोकाच्या आकड्यांत होते. सरासरी ३.५ धरली तर सात किंवा अधिक सेव्हची शक्यता ६.५ टक्के येते. पण सामना निम्म्या वेळा शांत जातो आणि सरासरी २.५ राहते, निम्म्या वेळा क्रुलसारखी आघाडी टिकवायची असते आणि ती ४.५ होते, असं धरून पाहा. चार सेव्हची शक्यता ४५ टक्क्यांवर राहते, म्हणजे जवळपास हलत नाही. सातची मात्र ९ टक्क्यांच्या वर जाते. म्हणून मधल्या रेषेचा भाव बरोबर आहे म्हणून वरच्या रेषांचाही बरोबर असेल, असं समजू नये.

२०२३-२४ मध्ये जुनी सरासरीच सरकली. वाया गेलेला वेळ अधिक काटेकोरपणे भरून देण्याच्या सूचना आल्या, प्रीमियर लीगचे सामने सरासरी शंभर मिनिटांपलीकडे गेले आणि हंगामात विक्रमी १,२४६ गोल झाले. आदल्या हंगामांच्या फटक्यांवर आधारलेला अंदाज अशा वेळी कमी पडतो. तो मिनिटांच्या प्रमाणात वाढवावाच लागतो.

आणि गणित बरोबर आलं तरी मोजणी कुणाची, हे आधी पाहावं लागतं. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध अमेरिकेच्या टिम हॉवर्डचे आधी १६ सेव्ह जाहीर झाले, मग ते १५ करण्यात आले. शिवाय तो सामना जादा वेळेत गेला होता, आणि असे बाजार बहुधा नव्वद मिनिटं अधिक भरपाईच्या वेळेपुरतेच असतात. कोणत्या संस्थेचा आकडा आणि कोणत्या मिनिटापर्यंतचा, हे नियमांत वाचल्याशिवाय २.१६ हा भाव नेमका कशाचा, हेच ठरत नाही.