तीन टक्क्यांची चोरी

लेटर आकाराचा कागद 215.9 मिमी रुंद आणि 279.4 मिमी उंच असतो. आपला ए-फोर 210 बाय 297. म्हणजे लेटरसाठी मांडलेली फाइल ए-फोरवर रुंदीत मावत नाही. मग प्रिंटरच्या खिडकीत Fit निवडलं जातं आणि सगळं पान साधारण 97 टक्क्यांवर आकसतं. पत्रात हे कोणाला दिसणारही नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच पानावर शिवणकामाचा कागदी साचा असेल, तर शंभर मिमीची रेघ 97 भरते आणि ब्लाउज घट्ट होतो. पट्टी लावून पाहिलं की चोरी उघडी पडते.

खरं तर आकसवायची गरजच नसते. चारही बाजूंना एक इंच समास असेल, तर Actual size निवडून पान मधोमध छापावं; बाजूंचा फक्त तीन-तीन मिमी कोरा भाग जातो. मजकूर कडेपर्यंत असेल तर मात्र तो कापला जाईल. मूळ फाइल हाताशी असेल तर कागद ए-फोर करावा. त्याने ओळी सरकतात, पानांचे क्रमांक बदलतात, ही तक्रार खरी. पण समास तसेच ठेवले तरच. एक इंचाऐवजी बाजूंना 22.45 आणि वर-खाली 34.2 मिमी ठेवले, की मजकुराची चौकट जुनीच राहते आणि ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. वर-खाली जागा जरा जास्त मोकळी दिसते, एवढंच.