आजीचा पोशाख, नातीचे लग्न

१९७९ साली स्टेफन्सन, जोगदेव आणि अँडरसन या अभ्यासकांनी भारतीय व अमेरिकी वाचकांना दोन इंग्रजी पत्रे दिली. एक भारतीय लग्नाविषयी, दुसरे अमेरिकी. आपल्याकडच्या लग्नाचे पत्र दोन्ही गटांनी लवकर वाचले आणि ते त्यांना जास्त आठवले. अमेरिकी नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता; तिकडे ही मानाची गोष्ट. एका भारतीय वाचकाला मात्र तो जुनाट वाटला. इंग्रजी कच्चे म्हणावे, तर त्या तपशिलात अडणारा शब्दच नव्हता. न सांगितलेले वाचक आपल्या अनुभवाने भरतो, आणि कुठे अडखळत नसल्याने चूक त्यालाही कळत नाही. ‘काय घातले?’ याचे उत्तर बरोबर येते, ‘का घातले?’ विचारले की घोटाळा उघडा पडतो. म्हणून असा उतारा वर्गात देताना शब्दार्थांच्या यादीपेक्षा प्रथेविषयी आधी सांगितलेली दोन वाक्ये इथे जास्त कामाची. त्या वाक्यांतूनच ‘का?’चे उत्तर फुटत असेल, तर प्रश्न दुसऱ्या तपशिलावर काढावा.