रात्रपाळीचं जेवण कधी आणि किती?

मी कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये, रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा काम करतो. सुरुवातीला मी घड्याळच उलटं केलं. रात्री दोनला बिर्याणी, सकाळी साताला लुची-आलूर दम, आणि लगेच झोप. परिणाम असा की साडेतीनला डोळे मिटायचे आणि झोपताना घशाशी आंबट यायचं.

चूक कुठे होती? आपण जागे राहिलो तरी शरीराचं आतलं घड्याळ लगेच उलटत नाही. रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं, त्यामुळे तोच भात रक्तातली साखर जास्त वाढवतो. २०२१ साली बोस्टनमधल्या एका प्रयोगात १९ निरोगी माणसांना रात्रपाळीसारखं जागवलं. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली; फक्त दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही.

म्हणून आता दुपारी तीनला उठतो आणि चारला मुख्य जेवण घेतो: भात, डाळ, भाजी, माशाचा झोल. रात्री आठला दोन पोळ्या, उसळ किंवा अंडी. मग पूर्ण उपास मला जमत नाही, म्हणून दीड वाजता मूठभर चणे आणि थोडी मुडी, म्हणजे आपले कुरमुरे. शेवटचा चहा एकच्या आत, नाहीतर आठची झोप लांबते. सकाळी साताला छोटी वाटी दही-पोहे. रिकाम्या पोटी झोपलो की अकरालाच भुकेने जाग येते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर डॉक्टरांना पाळी सांगून डोसच्या वेळा ठरवून घ्या, मगच रात्रीचं खाणं कमी करा. नाहीतर पहाटे साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात.