मुरूम गेला तरी माती राहू द्या

सोलापूर-धुळे महामार्ग वाशी तालुक्यातून जातो. रस्ता म्हटला की भरावाला मुरूम लागतो, वरच्या थरांना खडी लागते. बालाघाटच्या पठारावर या दोन्ही गोष्टी पायाखालीच असतात. माळावर वीतभर काळी माती, तिच्याखाली झिजलेल्या खडकाचा मुरूम आणि त्याखाली कठीण पाषाण. म्हणूनच हलक्या जमिनीचा एखादा तुकडा मुरमासाठी देण्याचा विचार इथल्या शेतकऱ्याच्या मनात येतो. दोन-तीन मीटर खोदून मुरूम काढायचा आणि जमीन पुन्हा पिकाखाली आणायची, असा साधा हिशेब असतो. तो बरोबर ठरणार की नाही, हे मुरमाचा पहिला ट्रक भरण्याआधीच ठरते. त्या वीतभर मातीचे काय करायचे, यावर ते अवलंबून असते.

मुरूमही जमिनीचाच भाग आहे. मग मातीचे वेगळे काय? पिकाची बहुतेक अन्नद्रव्ये, सेंद्रिय कर्ब, गांडुळे, मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरशी आणि गवताचे बी हे सारे वरच्या थरात असते. हा थर मुरमात मिसळला, की तो वेगळा काढता येत नाही. खालच्या थरात चुनखडी असेल तर नुकसान आणखी वाढते. ती वर आली की पिकाला लोह मिळेनासे होते. सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. चुकीचा थर वर आल्याची ही ओळखू येणारी खूण आहे.

म्हणून पहिले काम मोजणीचे. जागेत ठिकठिकाणी कमरेइतके खड्डे घेऊन काळी माती कुठे किती खोल आहे, मुरूम कुठे सुरू होतो, हे लिहून ठेवायचे. चुनखडी तपासायला मातीवर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकले तरी पुरते. फेस आला तर चुना आहे.

समजा, अडीच एकर म्हणजे एक हेक्टर जागा आहे आणि मातीची सरासरी खोली २५ सेंटिमीटर भरली. म्हणजे २,५०० घनमीटर, सुमारे ८८० ब्रास माती. उकरल्यावर ती फुगते. वीस टक्के फुगवटा धरला तर ३,००० घनमीटर होते. दोन मीटर उंचीचा, उतरत्या बाजूंचा ढीग केला तर त्याची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास राहते आणि त्याला सुमारे २० गुंठे जागा लागते. शंभरातले वीस गुंठे नुसत्या मातीसाठी सोडायला कोणी सहसा तयार नसते. मग ढीग सहा-सात मीटर उंच होतो आणि तिथेच माती बिघडते.

उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. हवेवर जगणारे जीवाणू मागे पडतात, गांडुळे मरतात, बुरशीचे बीजाणू घटतात. नत्र अमोनियाच्या रूपात साठत जाते. अशी माती पुन्हा पसरली, की हवा लागताच त्याचे नायट्रेट होते आणि पहिल्या मोठ्या पावसात बरेचसे वाहून जाते. ढीग फोडल्यावर आतली माती करडी-निळसर दिसली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर ती गुदमरली आहे असे समजावे.

यावर उपाय म्हणजे खोदकामाचे टप्पे पाडणे. तीच एक हेक्टर जागा वीस-वीस गुंठ्यांच्या पाच पट्ट्यांत वाटली, तर पहिल्या पट्टीची माती तेवढी बाजूला ठेवावी लागते. ती फुगून ६०० घनमीटर होते आणि दोन मीटरच्या ढिगाला चारच गुंठे लागतात. पहिल्या पट्टीतला मुरूम संपला, की दुसऱ्या पट्टीची माती ढिगावर न टाकता थेट पहिल्या पट्टीवर पसरायची. तिसरीची दुसरीवर, चौथीची तिसरीवर. शेवटी राखून ठेवलेला ढीग पाचव्या पट्टीवर जातो. पाचांपैकी चार पट्ट्यांची माती ढिगात थांबतच नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बॉक्साइट खाणींवर जंगल परत आणताना वरची माती शक्य तिथे अशीच थेट वापरतात, कारण तिच्यातले बी जिवंत राहते.

जो ढीग थांबणार आहे, त्याच्यावर ताग, स्टायलो किंवा मारवेल गवत पेरावे. मुळे माती धरून ठेवतात आणि वरचा थर जिवंत राहतो. ढिगाभोवती चर काढावा. मुरमाचा वरचा मऊ थरही वेगळ्या ढिगात राखावा, कारण पुन्हा भरताना तो मातीखाली लागतो.

माती कधी काढायची, याचे उत्तर शेतकऱ्याला माहीतच आहे. वाफसा पाहून. काळी माती ओली असताना यंत्राखाली आली, की तिचे कण चिकटून घट्ट थर बनतो. तळहातावर मातीची सुतळीइतकी बारीक वळी वळली आणि ती तुटली नाही, तर अजून थांबावे. म्हणून हे काम पावसाळ्यात नको.

परत भरताना क्रम उलटा असतो. खदानीचा तळ डंपरच्या चाकांनी दगडासारखा झालेला असतो. तो आधी रिपरने अर्धा मीटरभर फोडायचा. त्यावर मऊ मुरूम, त्यावर माती. पोकलेनने मागे मागे सरकत माती ओतावी, पसरलेल्या मातीवर यंत्र पुन्हा चढवू नये. माती बसते, म्हणून २५ सेंटिमीटर हवी असेल तर ३० सेंटिमीटर पसरावी. जमीन आता आधीपेक्षा खोल असते, त्यामुळे पाणी बाहेर जायला एका बाजूने उतार ठेवावाच लागतो. पावसाळ्यात लोखंडी सळई टोचून पाहावी. वीतभरावरच अडली, किंवा उपटलेल्या तुरीचे सोटमूळ आडवे वळलेले दिसले, तर खाली घट्ट थर राहिला आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. पाषाणापर्यंत गेलेली खोल दगडखाण अशी भरता येत नाही. दगड गेलेला असतो आणि तेवढा भराव आणायचा कुठून? तिथे माती फार तर पायऱ्यांवर आणि काठावर झाडांसाठी वापरता येते.

माती राखलीच नसेल तर काय करावे लागते, हे नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीवर दिसले. तिथल्या उजाड ढिगाऱ्यांवर झाडे जगवण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांना साखर कारखान्याची मळी, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांवरची बुरशी बाहेरून द्यावी लागली. साग, शिसव तिथे वाढले. पण ते झाडांसाठी होते, ज्वारी-हरभऱ्याच्या शेतासाठी नव्हे. तलावातला गाळ आणून टाकला तर मातीची खोली वाढते, मात्र गाळ म्हणजे घडलेली माती नव्हे. तिची रचना पुन्हा जमायला काही वर्षे जातात.

जमीन देताना करारनाम्यात भाव आणि मुदत असतेच. त्याबरोबर मातीची मोजलेली खोली, किती ब्रास माती राखायची, ढिगाची उंची दोन मीटरपर्यंत आणि पट्ट्यांचा क्रम हेही लिहून घ्यावे. शेवटच्या हप्त्याआधी पाच-सहा ठिकाणी खड्डे घेऊन तीच खोली पुन्हा मोजावी.