शिबिराआधीचे तीन आठवडे

मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, माणसे गावी गेलेली असतात आणि रक्तपेढ्यांचा साठा उतरतो. म्हणून एखाद्या मंडळाने मे महिन्यातला रविवार ठरवला तर तो निर्णय चांगलाच आहे. मात्र तारीख जाहीर करण्याआधी रक्तपेढीशी बोला. शिबिर घेण्याचा अधिकार परवानाधारक रक्तपेढीचा असतो, मंडळ केवळ आयोजक. त्या आठवड्यात किती पिशव्यांची गरज आहे, हे पेढीच सांगू शकते. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, लाल पेशी साधारण पाच-सहा आठवडे. गरजेपेक्षा जास्त जमवलेले रक्त वाया जाऊ शकते.

समजा, पेढीने ऐंशी पिशव्या सांगितल्या. रक्त काढायला दहा मिनिटेही लागत नाहीत, पण झोपणे, हात स्वच्छ करणे, नंतरचे पडून राहणे धरून एका खाटेवर माणशी वीस मिनिटे जातात. सहा खाटांवर तासाला अठरा जण, म्हणजे सकाळी नऊ ते दोन या वेळेत नव्वद. कागदावर हे जमते. प्रत्यक्षात साडेदहाला पन्नास जण एकदम येतात आणि निम्मे कंटाळून परततात. म्हणून नोंदणी करतानाच प्रत्येकाला वेळ द्या, तासाला पंधरा जण. उरलेल्या जागा आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी. काही जण येणार नाहीत, काही तपासणीत थांबवले जातील, म्हणून नावे शंभराच्या वर हवीत.

दुसऱ्या आठवड्यात प्रसिद्धी करताना फलकावर घोषणेपेक्षा अटी मोठ्या अक्षरांत लिहा: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, उपाशीपोटी येऊ नये. अनेक स्त्रियांना हिमोग्लोबिन कमी असल्याने परत जावे लागते. ही शक्यता आधी माहीत असेल तर ते अपमानासारखे वाटत नाही. भेटवस्तूचे आमिष तर नकोच. मिक्सरसाठी आलेला माणूस महिन्यापूर्वीची कावीळ लपवतो आणि धोका रुग्णाला होतो.

शेवटच्या आठवड्यात जागा पाहा. शाळेचा तळमजला उत्तम: पंखे, खंड न पडणारी वीज, हात धुण्याची सोय. नोंदणी, डॉक्टरांची तपासणी, खाटा आणि अल्पोपाहार एकाच दिशेने मांडा. डॉक्टरांसमोर मात्र आडोसा हवाच. चारचौघांत कुणी आजार सांगत नाही. सर्वांत जागरूक स्वयंसेवक अल्पोपाहाराच्या टेबलाशी ठेवा, कारण चक्कर बहुधा उठून चालू लागल्यावर येते. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला की त्या माणसाला तिथेच आडवे करून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. चहा-बिस्किटानंतरही पंधरा मिनिटे कुणाला बाहेर सोडू नका.

नावांची वही जपून ठेवा. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते.