वाक्याचं शेपूट पुढे आणताना

“कृपया खात्री करा की तुम्ही तो फॉर्म भरला आहे जो बँकेद्वारे तुम्हाला पाठवला गेला होता.” यंत्राने केलेल्या भाषांतरात असं वाक्य हमखास भेटतं. शब्द मराठी, पण त्यांची रांग इंग्रजी.

ही गाठ शेवटाकडून सोडवावी. इंग्रजीत असं लांब वर्णन नामानंतर येतं, मराठीत ते सहसा आधी येतं. म्हणून ‘जो’पासूनचं शेपूट उचलून ‘फॉर्म’च्या आधी ठेवायचं. पाठवणारी बँक ठाऊकच आहे, त्यामुळे ‘द्वारे’ आणि ‘गेला’ गळून पडतात. उरतं ‘बँकेने पाठवलेला फॉर्म’.

आता ‘खात्री करा की’. मराठीत मुख्य क्रियापद शेवटी शोभतं: “बँकेने पाठवलेला फॉर्म तुम्ही भरला आहे ना, हे कृपया पाहून घ्या.”

वर्णन लांबलं, तर मात्र ही युक्ती अडते. ‘बँकेने गेल्या महिन्यात टपालाने पाठवलेला, दोन साक्षीदारांच्या सह्या लागणारा फॉर्म’ वाचताना दम लागतो. तिथे वाक्य सरळ तोडावं: “बँकेने गेल्या महिन्यात टपालाने फॉर्म पाठवला होता. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तो भरला आहे ना, हे पाहून घ्या.”