आईबाप फडावर असताना सांगायचं कुणाला?

शरीरसुरक्षेच्या पाठात ‘काही झालं तर आईला सांग’ हे वाक्य हमखास येतं. बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांत दिवाळीच्या सुमारास ते लटकं ठरतं, कारण आईबाप पाच-सहा महिने ऊसतोडीला आणि मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतं. म्हणून भरवशाच्या माणसांची यादी ऑक्टोबरात नव्याने करावी. प्रत्येक मुलाने तीन माणसं सांगावीत, त्यातलं एक घराबाहेरचं. कारण केंद्र सरकारच्या 2007च्या पाहणीत अत्याचार करणारे सुमारे निम्मे जण मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले निघाले होते. यादीतल्या पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. 1098 हा नंबर पाठच हवा.

नियम नेमका असावा: चड्डी-बनियनखालच्या जागांना कुणी हात लावायचा नाही, बघायच्या नाहीत, आंघोळ घालताना किंवा घरचं माणूस सोबत असताना डॉक्टरांनी तपासलं तर चालतं, पण ते गुपित कधीच नसतं. ‘वाईट वाटतो तो वाईट स्पर्श’ एवढं पुरत नाही, कारण खाऊ देऊन गोंजारणाऱ्याचा स्पर्श वाईट वाटेलच असं नाही. पोरं घाबरतील, अशी हरकत पालक घेतात. पण रस्ता ओलांडायला शिकवताना आपण अपघाताचं वर्णन करत नाही, इथेही करायचं नाही. ‘नाही’ म्हणता आलं नाही तरी चूक मुलाची नसते, हेही पाठातच यावं. मूल बोललंच, तर शिक्षकाने खोदून विचारू नये आणि गावात बैठक तर मुळीच बसवू नये. पोक्सो कायद्याच्या कलम 19नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.